पावसाचा ग्राफ: विहिरीची रेघ ५ जुलैलाच का संपते?

मलप्रभाकाठ

मंडळी, नमस्कार. मी जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यातला. आमच्या शेतकरी गटाचा स्वतःचा पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी साडेआठला एक मुलगा पाऊस मोजून लिहितो. गटाच्या विहिरीत पाणी काठापासून किती खाली आहे, ते शेजारचे काका दर सोमवारी फुटात मोजतात. पाऊस पडल्यावर विहिरीला पाणी किती दिवसांनी चढतं, हे बघायचं म्हणून जुलै २०२४ च्या दोन्ही नोंदी एकाच ग्राफमध्ये घातल्या. पावसाचे उभे खांब, विहिरीची रेघ.

पाऊस माझ्या कॉम्प्युटरवर भरलाय. विहिरीचे आकडे काकांच्या भाच्याने त्याच्या लॅपटॉपवर भरून फाइल पाठवली, ते मी शेजारच्या कॉलममध्ये चिकटवले. फाइल अशी आहे (C रिकामा आहे):

```
     A            B            D            E
1    दिनांक        पाऊस मिमी     तारीख         काठापासून
2    01-07-2024   42           07-01-2024   18.5
3    02-07-2024   61.5         07-08-2024   14 फूट
4    03-07-2024   -            15-07-2024   9
5    04-07-2024   97           22-07-2024   कुलूप
6    05-07-2024   38           29-07-2024   6.5
```

पाऊस खाली ३२ व्या ओळीपर्यंत आहे. २२ तारखेला पंपघराला कुलूप होतं, त्यामुळे मोजता आलं नाही.

आता ग्राफ बघा. विहिरीची रेघ १ जुलैला सुरू होते, २ ला शून्यावर आपटते, ३ ला वर येते, ४ ला पुन्हा शून्य आणि ५ ला संपते. पुढे महिनाभर काहीच नाही. पावसातही तीन दिवस खांबच नाहीत, आणि जुलैत आमच्याकडे तीन दिवस उघडीप झालेली कुणालाच आठवत नाही. एक्सेल २०१६ आहे. रविवारी बैठक आहे, कुणी सांगेल का कुठं अडलंय?

संकेश्वरचा_मिरचीवाला

दादा, खांबांमधली मोकळी जागा कमी करायची असेल तर एका खांबावर राइट क्लिक करून Format Data Series मध्ये जा. तिथे Gap Width आहे, ते ५० टक्के करा. खांब जाड होतात, ग्राफ भरलेला दिसतो. मी मिरचीच्या दराचा ग्राफ असाच करतो.

मलप्रभाकाठ

मिरचीवाले, खांबांची जाडी ठीक आहे. तीन तारखांना खांबच नाही, हे माझं दुखणं आहे. पण Gap Width कुठं असतं ते कळलं, आभार.

अथणी_हिशेबनीस

हे मी कारखान्याच्या ऊस-नोंदीत रोज बघतो. ग्राफवर राइट क्लिक, Select Data, खाली डावीकडे Hidden and Empty Cells चं बटण. तिथे Gaps निवडा. नोंद नसेल तिथं रेघ तुटेल, शून्यावर जाणार नाही. आणि "कुलूप" शब्द नको असेल तर शेजारी एक कॉलम करून त्यात असं लिहा:

```
=IF(E5="कुलूप","",E5)
```

म्हणजे तो सेल रिकामा होतो.

मलप्रभाकाठ

हिशेबनीस साहेब, दोन्ही केलं. Gaps वर आधीपासूनच खूण होती. सूत्र लावल्यावर शब्द गेला, पण रेघ तशीच शून्यावर जाते.

शहापूरची_अक्का

हिशेबनीसांनी दाखवलेली जागा बरोबर आहे, फक्त ती सेटिंग खरोखर रिकाम्या सेललाच लागू होते. ज्या सेलमध्ये अक्षरं आहेत तो एक्सेलच्या लेखी रिकामा नसतो. रेघेच्या किंवा खांबांच्या ग्राफमध्ये आकड्याच्या जागी मजकूर आला की तो शून्य म्हणून काढला जातो. "कुलूप" शून्य, "14 फूट" शून्य, "-" पण शून्य. सूत्रातलं "" डोळ्यांना रिकामं दिसतं, पण तोही शून्य लांबीचा मजकूरच, म्हणून त्याचंही शून्यच झालं.

यात तुमच्या विहिरीपुरती एक गोष्ट फार वाईट आहे. तुम्ही पाणी काठापासून खाली मोजता. म्हणजे शून्य याचा अर्थ विहीर काठोकाठ भरली. ज्या दिवशी पंपघराला कुलूप होतं, त्या दिवशी विहीर तुडुंब होती असं तुमचा ग्राफ सांगतोय. बैठकीत हे कुणी खरं धरलं तर पंधरवडाभर आधीच पंप चालू करतील.

आधी मजकूर किती आहे ते मोजा. कुठल्याही रिकाम्या सेलमध्ये ही दोन सूत्रं लिहा:

```
=COUNTA(B2:B32)
=COUNT(B2:B32)
```

पहिलं सूत्र भरलेले सगळे सेल मोजतं, दुसरं फक्त आकडे. दोन्हींत जितका फरक, तितक्या सेलमध्ये आकडा नाही. कुठले ते शोधायचं तर शेजारी `=ISNUMBER(B2)` लिहून खालपर्यंत ओढा आणि FALSE कुठं येतं ते बघा. आकडे उजवीकडे आणि मजकूर डावीकडे चिकटलेला असतो, पण कुणी कॉलम मधोमध केला असेल तर डोळ्यांना ते दिसत नाही. त्यामुळे सूत्रावरच भरवसा ठेवा.

मलप्रभाकाठ

अक्का, ३१ आणि २८ आलं. तीन FALSE: ३ तारखेला "-", १९ ला "12.4 मिमी" आणि २७ ला "थोडा". पोरानं प्रत्येक ठिकाणी वेगळंच लिहिलंय. तिन्ही पुसून टाकू काय?

हिडकल_निवृत्त

पुसू नका. मी नोकरीत असताना पावसाच्या नोंदी बरीच वर्षं हाताळल्यात, म्हणून सांगतो. या तीन नोंदींचे अर्थ तीन आहेत. "12.4 मिमी" हा खरा पाऊस आहे, आकडा ठेवून शब्द काढा. "थोडा" म्हणजे मापकात मोजण्याइतकं पाणी नव्हतं, पण मापक बघितला होता. तिथे ० लिहिलं तर ग्राफमध्ये काही बिघडत नाही. "-" म्हणजे बहुधा बघितलंच नाही. तिथे ० लिहिणं म्हणजे ऐन पावसाळ्यात कोरडा दिवस दाखवणं.

आणि मला विचारायचं होतं, ४ तारखेला ९७ आलेत. ते एका दिवसाचे, की ३ तारखेचं पाणी मापकात तसंच राहून दोन दिवसांचं मिळून?

मलप्रभाकाठ

काका, आत्ता त्याला विचारून आलो. ३ ला तो बेळगावला गेला होता. ४ ला मापकात जे होतं ते सगळं त्यानं एकदम लिहिलं. म्हणजे दोन दिवसांचं आहे.

हिडकल_निवृत्त

मला तेच वाटलं होतं. हवामान खात्याच्या मोजमापात २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी पाऊस झाला की तो जोरदार पाऊस. ९७ एका दिवसाचे धरले तर ४ तारीख जोरदार पावसाची ठरते. दोन दिवसांत निम्मे निम्मे पडले असतील तर दोन्ही दिवस मध्यमच होते. महिन्याची बेरीज दोन्हीकडे तीच येते, पण सर्वांत जास्त पावसाचा दिवस कुठला, हे उत्तर खोटं निघू शकतं. शिवाय २.५ मिमी किंवा जास्त पाऊस झाला की तो दिवस पावसाचा धरतात, त्या मोजणीतही तुमचा एक दिवस कमी भरेल. ग्राफवर तिथे काहीतरी खूण हवीच.

निपाणी_दूध

मध्येच विचारतो, माझंही असंच काहीसं आहे. आमच्या दूध संकलनाच्या फाइलीत सकाळचं, संध्याकाळचं, फॅट आणि सरासरी असे कॉलम आहेत. ग्राफ सरासरीचा. छापायला पान आवरत नाही म्हणून मी सरासरीचा कॉलम Hide केला तर ग्राफच कोरा. Unhide केला की परत येतो. फाइल खराब झाली म्हणून मी दोनदा नवीन केली.

शहापूरची_अक्का

फाइल चांगली आहे. एक्सेल मुळात फक्त दिसणाऱ्या ओळी आणि कॉलमचाच ग्राफ काढतं. हिशेबनीसांनी सांगितलेल्या त्याच Hidden and Empty Cells मध्ये खाली Show data in hidden rows and columns असं आहे, तिथे खूण करा. मग कॉलम लपवला तरी ग्राफ राहील.

खूण करण्याआधी एक बघा. तुम्ही फिल्टर लावून एकाच गावाचं दूध ग्राफमध्ये बघता काय? फिल्टरनं गेलेल्या ओळीही लपलेल्याच धरल्या जातात. खूण केलीत की फिल्टर काहीही लावा, ग्राफ सगळ्या गावांचाच येणार.

निपाणी_दूध

होय की! फिल्टर तर रोज लावतो, गावं दहा-बारा आहेत. कॉलम लपला तरी ग्राफ हवा आणि फिल्टरपण चालायला हवा. दोन्ही होणार नाही काय?

शहापूरची_अक्का

त्या खुणेनं नाही. ती ओळी आणि कॉलम दोन्हींना एकदमच लागते. मग कॉलम लपवूच नका. छापायचा भाग तेवढा निवडून Page Layout मध्ये Print Area लावा, सरासरीचा कॉलम त्या बाहेर ठेवा. कॉलम पडद्यावर राहील, कागदावर येणार नाही, आणि फिल्टर ग्राफला लागू राहील. ग्राफची खूण काढूनच ठेवा.

आता मलप्रभाकाठ, तुमच्या रेघेकडे येते. ती ५ तारखेला संपते याचा मजकुराशी संबंध नाही. विहिरीच्या नोंदी पाच आहेत आणि त्या पहिल्या पाच तारखांवर बसल्यात. तुम्ही Select Data मध्ये विहिरीसाठी D च्या तारखा दिल्या असतील, पण एका आडव्या अक्षावर एकच तारखांची यादी चालते, आणि ती पहिल्या सिरीजची, म्हणजे पावसाची. दुसऱ्या सिरीजच्या तारखा एक्सेल ठेवून घेतं, पण वापरत नाही. पहिला आकडा पहिल्या तारखेवर, दुसरा दुसरीवर, अशी रांग लागते. फुटांसाठी उजवीकडे वेगळा उभा अक्ष केलात तरी आडवा अक्ष पावसाचाच राहतो.

म्हणून विहिरीचे आकडे पावसाच्याच ओळींत आणायचे, सोमवारच्या ओळीत आकडा आणि बाकी दिवशी #N/A. तुमचा C कॉलम रिकामाच आहे, C2 मध्ये हे लिहून C32 पर्यंत ओढा:

```
=IFERROR(VLOOKUP(A2,$D$2:$E$6,2,FALSE),NA())
```

मग ग्राफला E ऐवजी C2:C32 द्या. #N/A चा बिंदू एक्सेल काढत नाही. तुमच्या २०१६ मध्ये ते ओलांडून रेघ आपोआप जोडली जाते. नवीन आवृत्तीत Show #N/A as empty cell अशी आणखी एक खूण असते. ती लागलेली असेल आणि वर Gaps असेल, तर सुटे बिंदू राहतात आणि रेघ दिसतच नाही. तिथे Connect data points with line निवडावं लागतं.

ओढायच्या आधी E साफ करा. E3 मध्ये नुसतं 14 लिहा. "फूट" दिसायलाच हवं असेल तर Format Cells, Custom मध्ये हे द्या:

```
0.0" फूट"
```

डोळ्यांना 14.0 फूट दिसेल, सेलमध्ये मात्र आकडाच राहील. E5 मधलं "कुलूप" शेजारी F मध्ये शेरा म्हणून ठेवा आणि E5 मध्ये `=NA()` लिहा. E5 नुसता रिकामा ठेवू नका. VLOOKUP ला रिकामा सेल सापडला की तो 0 आणून देतो, आणि तुमची विहीर पुन्हा काठोकाठ भरते.

कडोलीचे_गुरुजी

अक्का, या रांगेच्या मुद्द्यावरून आमच्या शाळेचं आठवलं. हजेरीच्या फाइलीत पहिल्या ओळीत मराठी मथळे आणि दुसऱ्या ओळीत कन्नड मथळे आहेत, कारण वर पाठवताना कन्नड लागतं. ग्राफमध्ये १ तारखेला हजेरी शून्य दिसते, आणि सोमवारची गर्दी मंगळवारी दिसते. एक्सेलला दोन भाषा चालत नाहीत काय?

शहापूरची_अक्का

भाषेचं काही नाही, गुरुजी. ग्राफमधल्या एका खांबावर क्लिक करा आणि वर सूत्राच्या पट्टीत काय येतं ते इथे टाका.

कडोलीचे_गुरुजी

हे आलं:

```
=SERIES(Sheet1!$B$1,Sheet1!$A$3:$A$33,Sheet1!$B$2:$B$32,1)
```

शहापूरची_अक्का

यातच उत्तर आहे. पहिलं सिरीजचं नाव, दुसरी तारखांची रेंज, तिसरी आकड्यांची. तारखा ३ ते ३३ ओळींतल्या आणि आकडे २ ते ३२ मधले. दोन्ही रेंज ३१-३१ ची म्हणून एक्सेलनं तक्रार केली नाही. B2 मध्ये कन्नड मथळा आहे, तो मजकूर म्हणून शून्य झाला आणि १ तारखेवर बसला. पुढचे सगळे आकडे एक दिवस उशिरा पडले, आणि शेवटच्या दिवसाची हजेरी ग्राफमध्ये आलीच नाही. त्या पट्टीतच शेवटून दुसरा भाग `$B$3:$B$33` करा आणि एंटर मारा. दोन्ही मथळे खुशाल राहू देत.

ग्राफ विचित्र दिसला की मी सगळ्यांत आधी ही पट्टी बघते. दोन्ही रेंज एकाच ओळीवर सुरू होतात का आणि एकाच ओळीवर संपतात का, एवढं वाचायला वेळ लागत नाही.

कडोलीचे_गुरुजी

जमलं बघा! सोमवार सोमवारी आला. पण दुसऱ्या वर्गाच्या ग्राफमध्ये ही पट्टी रिकामीच दिसते.

शहापूरची_अक्का

तिथे क्लिक ग्राफच्या चौकटीवर पडत असेल. नेमका खांब किंवा रेघ निवडली गेली पाहिजे.

मलप्रभाकाठ

अक्का, E साफ केला, C मध्ये सूत्र ओढलं. आता ३१ च्या ३१ ओळींत #N/A आहे आणि विहिरीची रेघच गेली. A मध्येही तारखा आहेत, D मध्येही आहेत. १५ जुलै मला दोन्हीकडे दिसतोय, पण सूत्राला सापडत नाही.

अथणी_हिशेबनीस

मग VLOOKUP सोडा आणि Scatter ग्राफ घ्या. त्यात प्रत्येक सिरीजच्या स्वतःच्या तारखा चालतात. आम्ही साखर उताऱ्याला तोच वापरतो.

शहापूरची_अक्का

Scatter चं म्हणणं बरोबर आहे, त्यात प्रत्येक सिरीज आपल्याच तारखांवर बसते. पण इथे तोही फसेल. आडव्या बाजूच्या रेंजमध्ये एक जरी मजकूर आला तरी Scatter सगळ्या तारखा सोडून १, २, ३, ४, ५ असे बिंदू मांडतो. आणि D मध्ये मजकूर आहे.

मलप्रभाकाठ, तुमच्या पहिल्याच पोस्टमधला D कॉलम परत वाचा. पहिली तारीख 07-01-2024, म्हणजे ७ जानेवारी. दुसरी 07-08-2024, म्हणजे ७ ऑगस्ट. पुढच्या तीन मात्र नीट १५, २२, २९ जुलै दिसतात. भाच्याच्या लॅपटॉपवर तारीख अमेरिकेच्या पद्धतीची असणार, आधी महिना मग दिवस. त्यानं 01-07-2024 टाइप केलं, एक्सेलनं ते ७ जानेवारी धरलं. 08-07-2024 चा ७ ऑगस्ट झाला. 15-07-2024 टाइप केल्यावर पंधरावा महिना काही सापडला नाही, म्हणून ती तारीख झालीच नाही, मजकूर म्हणून राहिली. म्हणून जी तुम्हाला बरोबर दिसते ती मुळात तारीखच नाही, आणि ज्या खऱ्या तारखा आहेत त्या चुकीच्या दिवसाच्या आहेत. आधीच्या ग्राफमध्ये एक्सेल D कडे बघतच नव्हतं, म्हणून हे इतका वेळ कळलं नाही.

खात्री करायची तर `=MONTH(D3)` लिहा, 8 येईल. `=ISNUMBER(D4)` ला FALSE येईल.

मलप्रभाकाठ

दोन्ही तसंच आलं! भाच्याचा लॅपटॉप पुण्याहून आणलेला, त्यावर सगळं इंग्लिश यूएस आहे. पाच तारखा इथेच नव्यानं टाइप केल्या आणि रेघ महिनाभर पसरली. १ ला १८.५, ८ ला १४, १५ ला ९ आणि तिथून थेट २९ ला ६.५.

निपाणी_दूध

पाच होत्या म्हणून टाइप झाल्या. माझ्याकडे वर्षभराच्या असत्या तर?

शहापूरची_अक्का

तर ज्या उलट्या झाल्यात त्या शेजारच्या कॉलममध्ये असं करून सरळ करता येतात:

```
=DATE(YEAR(D2),DAY(D2),MONTH(D2))
```

मजकूर राहिलेल्यांसाठी तो भाग निवडून Data मधलं Text to Columns उघडायचं, तिसऱ्या पायरीवर Date निवडून DMY द्यायचं. दोन्ही उपाय आपापल्या ओळींवरच चालवायचे. सरळ तारखेवर पहिलं सूत्र चाललं की ती उलटी होते.

मलप्रभाकाठ, विहिरीच्या रेघेवर बिंदूंच्या खुणा ठेवा, Markers. नाहीतर १५ ते २९ मधली सरळ रेघ बघून २२ तारखेलाही मोजलं होतं असं वाटेल. आणि फुटांच्या अक्षावर Values in reverse order ला खूण करा, म्हणजे विहिरीत पाणी चढलं की रेघही वर चढेल.

मलप्रभाकाठ

केलं, आता कुणालाही समजेल. पण पावसात ३ तारखेला B4 मध्ये `=NA()` घातलं आणि २७ ला ०, तर दोन्हीकडे खांब नाही. हिडकलच्या काकांनी सांगितलेला फरक ग्राफमध्ये दिसतच नाही.

शहापूरची_अक्का

खांबांच्या ग्राफमध्ये तो दिसणारच नाही. शून्य उंचीचा खांब आणि नसलेला खांब सारखेच. त्यासाठी आणखी एक सिरीज लागते. G2 मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=IF(ISNUMBER(B2),NA(),0)
```

नोंद नाही त्या दिवशी 0 येईल, बाकी दिवशी #N/A. ही सिरीज रेघेची करा, पावसाच्याच उभ्या अक्षावर ठेवा, रेघ काढून टाका आणि खूण फुलीची द्या. ३ तारखेला आडव्या अक्षावर लाल फुली बसेल. २७ ला काही नसेल. सिरीजचं नाव "नोंद नाही" ठेवा, म्हणजे खालच्या यादीत ते आपोआप येईल. आणि G कॉलम Hide करू नका, निपाणीकरांचं झालं तसं होईल.

हिडकल_निवृत्त

फुली चांगली. पण ९७ चं काय? माझ्या मते त्या खांबाचा रंग वेगळा करा आणि "दोन दिवसांचा" असं लिहा. निम्मं निम्मं वाटू नका. कुठल्या दिवशी किती पडला ते कुणालाच ठाऊक नाही.

अथणी_हिशेबनीस

मी तर वाटून टाकला असता. ४८.५ आणि ४८.५. ग्राफमध्ये एकच उंच खांब असला की सगळ्यांची नजर तिथेच जाते, आणि लोक म्हणणार ४ तारखेला ढगफुटी झाली.

शहापूरची_अक्का

मलप्रभाकाठना पाऊस आणि विहीर ताडून बघायचीय, आणि विहीर आठवड्यालाच मोजली जाते. मग पाऊसही विहिरीच्या दोन मोजण्यांमधला एकत्र करा, ३ आणि ४ दोन्ही तारखा एकाच आठवड्यात आहेत, प्रश्नच मिटतो. H3 मध्ये हे लिहून H6 पर्यंत ओढा:

```
=SUMIFS($B$2:$B$32,$A$2:$A$32,">"&D2,$A$2:$A$32,"<="&D3,$B$2:$B$32,">=0")
```

शेवटची अट B4 मधलं #N/A वगळते, नाहीतर H3 मध्ये बेरीजही #N/A येईल. ग्राफला D3:D6 तारखा, H3:H6 पाऊस आणि E3:E6 विहीर द्या.

हिडकल_निवृत्त

यात २२ तारखेची ओळ तशीच ठेवा हं, मोजणी झाली नाही म्हणून काढून टाकू नका. काढलीत तर शेवटचा खांब १५ ते २९ असा दोन आठवड्यांचा होईल आणि बाकीच्यांच्या दुप्पट दिसेल. आणि हे सगळं नोंद आठवड्याच्या मध्ये चुकली म्हणून जमलं. रविवारी चुकून सोमवारी दोन दिवसांचं मोजलं असतं, तरी पाणी त्याच आठवड्यात पडतं. सोमवारी चुकलं तर मात्र त्याचं पाणी मंगळवारी, म्हणजे पुढच्या आठवड्याच्या खात्यात जातं. तिथे हे सूत्र काही करू शकत नाही.

मलप्रभाकाठ

काका, २२ ची ओळ ठेवलीय. E5 मध्ये `=NA()` आहे, H5 मध्ये त्या आठवड्याचा पाऊस बरोबर आलाय. बैठकीला दोन्ही ग्राफ नेतो, रोजचा फुलीसकट आणि आठवड्याचा. रोजच्यात ९७ वेगळ्या रंगात ठेवलाय, वाटला नाही. ऑगस्टपासून B कॉलमला Data Validation लावतोय, Decimal, शून्य किंवा जास्त. म्हणजे पोराला शब्द लिहिताच येणार नाही.

हिडकल_निवृत्त

मग ज्या दिवशी मापक बघितलाच नाही, त्या दिवशी तो काय लिहिणार? शब्द घेत नाही म्हटल्यावर ० टाकून मोकळा होईल, आणि ते ० नंतर कुणाला ओळखता येणार नाही.

शहापूरची_अक्का

शेजारी शेऱ्याचा कॉलम द्या आणि B रिकामा ठेवायला सांगा. रिकाम्या सेलला Validation अडवत नाही, आणि G मधली फुलीही रिकाम्या सेलवर तशीच येते.

मलप्रभाकाठ

त्याला सांगतो. पण तो फोनवरून भरतो, आणि फोनवर Validation लागू होतं की नाही ते उद्या त्याच्याकडूनच भरून बघतो.